‘निकाल समाधानकारक’ या शब्दांशेजारी पुरावा ठेवू द्या : गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी,
सविनय नमस्कार.

मार्च उजाडला की आम्हा शिक्षकांच्या हातात गोपनीय अहवालाचा कोरा नमुना येतो. त्यातला स्वयंमूल्यमापनाचा भाग आम्ही भरायचा, त्यावर प्रतिवेदन अधिकाऱ्यांनी अभिप्राय लिहायचा आणि पुनर्विलोकन अधिकाऱ्यांनी प्रतवारी कायम करायची. अठरा वर्षे मी हा भाग भरते आहे. गणितापुढे माझे वाक्य ठरलेले असायचे : ‘विद्यार्थ्यांची संपादणूक वाढविण्यासाठी विविध उपक्रम राबविले. निकाल समाधानकारक.’ शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांचे वाक्यही जवळपास हेच, कारण आम्ही सगळेच मागच्या वर्षीची झेरॉक्स समोर ठेवून लिहितो. या वाक्यात खोटे काही नाही. पण ते खरे आहे की नाही, हे तुम्हाला कळायला काही मार्गही नाही. मग तुम्ही लिहिता, ‘काम चांगले.’ तेही खोटे नसते.

या कागदाचे वजन मात्र मोठे असते. बारा वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवडश्रेणीचा प्रस्ताव पाठवताना गोपनीय अहवाल पाहिले जातात. तरीही त्यात मुलांच्या हातचा एकही कागद नसतो.

या वर्षी मी माझा भाग निराळ्या पद्धतीने लिहिला आहे. सगळ्या विषयांचे नाही, गणितातल्या एकाच गोष्टीचे लिहिले आहे : मधे शून्य असताना करायची हातच्याची वजाबाकी. ते लिहिताना जे दिसले, ते फक्त माझ्या नस्तीत पडून राहू नये, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. तिसरीत तीन अंकी वजाबाकी झालेली असते, म्हणून शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी प्रत्येकाला एक अर्धा कागद दिला आणि फळ्यावर ५०३ − २६७ लिहिले. शेजाऱ्याचे बघायचे नाही, खाडाखोड केली तरी चालेल, खोडरबर मात्र वापरायचे नाही, एवढेच सांगितले. खोडरबर नको म्हणण्याचे कारण असे की मूल कोणत्या वाटेने गेले, ते खोडलेल्या जागी पुसले जाते. आणि मला पुढे तीच वाट हवी होती.

एकतीस मुलांपैकी नऊ जणांचे उत्तर बरोबर आले, २३६. दरवर्षी मी इथेच थांबत असे : ९ बरोबर, २२ चूक. या वेळी चुकलेल्या कागदांच्या उत्तरांप्रमाणे चळती लावल्या. बारा कागदांवर ३६४ होते. म्हणजे या मुलांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. वरचा अंक कोणता, खालचा कोणता, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता. चार कागदांवर २४६ होते. या मुलांनी शतक सुटे केले, शून्याचे दहा केले, त्यातला एक दशक एककाला दिला, पण दिल्यावर आपल्याकडे नऊच उरले हे ती विसरली. तीन कागदांवर २६६ होते. त्यांनी मधले शून्य ओलांडून थेट पाचाकडून एककासाठी उसने घेतले, तिथे तेरा केले आणि दशकाच्या घरात शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहाच लिहिले. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी बेरीज करून ७७० लिहिले होते, एकाचा कागद कोरा होता.

अधिकारीवर्गातले बरेच जण स्वतः शिक्षक होते, त्यामुळे या तीन चळतींना तीन वेगवेगळी औषधे लागतात हे सांगायला नको. ३६४ लिहिणाऱ्याला वजाबाकी म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागते. २४६ लिहिणारा एका पावलावर अडला आहे. ‘बावीस चूक’ असे लिहिले की हे सगळे एका आकड्याखाली गाडले जाते, आणि वर्षअखेरीस कोणती चूक गेली, कोणती राहिली, हेही सांगता येत नाही.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यांत जास्त लिहायचे आहे, तो भाग.

जुलैमध्ये मी हातचा शिकवला. कित्येक वर्षे शिकवते तसाच, गोष्ट सांगून : एककाच्या घरी पाहुणे आले, तांदूळ कमी पडले, मग तो शेजारी दशकाकडे उसने मागायला गेला. मुलांना गोष्ट आवडते. शेजाऱ्याकडेही नसले तर? मग पुढच्या घरी जायचे. वर्ग हसत असतो, हात वर होत असतात, तास चांगला जातो. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी तसाच अर्धा कागद दिला, गणित होते ७०२ − ३४५. त्या दिवशी तीस मुले होती. बरोबर उत्तर ३५७ बारा जणांचे आले. जूनमधल्या नवांचे बारा झाले होते. मी जर फक्त बरोबर उत्तरे मोजली असती, तर अहवालात ‘प्रगती दिसून आली’ असे मनापासून लिहिले असते.

चळती लावल्या तेव्हा चित्र उलटे निघाले. मोठ्यातून लहान वजा करणारी मुले, ज्यांचे उत्तर इथे ४४३ येते, ती बारावरून पाचावर आली होती. ही चांगली गोष्ट. ३६७ लिहिणारी, म्हणजे नऊ करायला विसरणारी, दोन होती. दोन कागद भलतेच होते. पण शून्य ओलांडून थेट पुढच्या घरी जाणाऱ्यांचे उत्तर ३४७ येते, आणि ते नऊ कागदांवर होते. जूनमध्ये ही चूक करणारी तिघेच होती.

ही चूक माझ्या गोष्टीने शिकवली होती. शेजाऱ्याकडे नसेल तर पुढच्या घरी जा, असे मीच सांगितले होते. मुले माझ्या शब्दाप्रमाणे शून्याचे घर ओलांडून सातापाशी गेली आणि तिथून तांदूळ थेट एककाच्या घरी घेऊन आली. वाटेत दशकाच्या घरी दहा गठ्ठे होतात, त्यातला एक फुटतो आणि नऊ राहतात, हे माझ्या गोष्टीत कुठेच नव्हते. अठरा वर्षांत ही गोष्ट मी किती वर्गांना सांगितली असेल, हे आठवून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सप्टेंबरमध्ये गोष्ट बंद केली आणि काड्या काढल्या. दहा काड्यांचा रबर लावलेला गठ्ठा म्हणजे दशक, असे दहा गठ्ठे भरलेली पिशवी म्हणजे शतक. गटासमोर पाच पिशव्या आणि तीन सुट्या काड्या ठेवायच्या आणि म्हणायचे, यातून मला दोनशे सदुसष्ट काढून दे. मूल तीन सुट्या काड्यांकडे बघते, गठ्ठा शोधते. गठ्ठा एकही नाही. मग पिशवी उघडावी लागते. पिशवीतून दहा गठ्ठे बाहेर येतात आणि ते दशकाच्या जागेवरच ठेवावे लागतात, कारण गठ्ठे दुसरीकडे ठेवायला जागाच आखलेली नाही. त्यातला एक सोडला की हातात तेरा काड्या आणि समोर नऊ गठ्ठे. ‘नऊ का?’ असे मी विचारले की मूल माझ्याकडे बघते, कारण त्याच्यासमोर नऊच आहेत. आठ दिवस फक्त काड्या, मग आठ दिवस काड्या आणि शेजारी पाटीवर मांडणी, मग नुसती मांडणी. एवढे तास या एका गोष्टीला दिल्यामुळे पुढचा धडा मागे पडला. तेही अहवालात लिहिले आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिसरा कागद दिला, ४०५ − १७८. काड्यांचे काम संपून चार महिने झाले होते आणि मधे उजळणी घेतली नव्हती. हे मुद्दाम केले, कारण शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच येते. वर्गात सव्वीस मुले होती. २२७ हे बरोबर उत्तर वीस जणांचे आले. नऊ करायला विसरून २३७ लिहिणारी तिघे, ३७३ लिहिणारी दोघे, एक कागद कोरा. शून्य ओलांडणारे कोणीही नव्हते.

आता इथे एक हिशेब आहे आणि तो आपल्या भागातल्या प्रत्येक शाळेला लागू पडतो. जूनमध्ये एकतीसपैकी नऊ, म्हणजे २९ टक्के. फेब्रुवारीत सव्वीसपैकी वीस, म्हणजे ७७ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून अहवालात लिहिले तर चांगले दिसतात. पण मधे पाच मुले कुठे गेली? दिवाळीच्या आधी-नंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. जूनच्या कागदावर त्या पाचही जणांचे उत्तर चुकलेले होते. ती वर्गातून गेल्यामुळेच माझी टक्केवारी मी काहीही न करता वाढली. म्हणून अहवालात मी फक्त दोन्ही वेळा हजर असलेल्या सव्वीस मुलांची तुलना केली आहे : जूनमध्ये सव्वीसपैकी नऊ, म्हणजे ३५ टक्के, आणि फेब्रुवारीत वीस. पाच मुलांची ओळ वेगळी ठेवली आहे. तुमच्यासमोर कोणाच्याही प्रगतीचे आकडे आले, तर आधी दोन्ही वेळची पटसंख्या विचारा आणि मुले तीच आहेत का ते विचारा. हंगामी स्थलांतराच्या गावांत एवढ्या एका प्रश्नाने अर्धी प्रगती गळून पडते. आणि ज्या शिक्षकाने स्थलांतरित मुलांना हंगामी वसतिगृहात थांबवून घेतले, त्याची टक्केवारी कमी का दिसते, हेही त्याच प्रश्नाने कळते.

फेब्रुवारीच्या कागदामागे मी एक शाब्दिक उदाहरणही दिले होते. एका रोपवाटिकेत ३०४ रोपे आहेत, दुसरीत १२७ आहेत, तर पहिलीत किती जास्त? तेरा जणांनी १७७ लिहिले. अकरा जणांनी बेरीज करून ४३१ लिहिले. ‘जास्त’ हा शब्द दिसला की मिळवायचे, असे त्यांच्या डोक्यात बसले आहे. दोघांची उत्तरे वेगळीच होती. या अकरांपैकी आठ जणांनी त्याच कागदाच्या पुढच्या बाजूला ४०५ − १७८ अगदी बरोबर सोडवले होते.

त्यामुळे माझा दावा लहान झाला. ‘विद्यार्थ्यांची वजाबाकी सुधारली’ असे मला लिहिता येत नाही. मी लिहिले ते असे : ‘मांडून दिलेली, मधे शून्य असलेली तीन अंकी वजाबाकी सव्वीसपैकी वीस मुले करतात, जूनमध्ये त्यांतली नऊ करत होती. वजाबाकी कुठे करायची हे शाब्दिक उदाहरणात निम्म्याच मुलांना ओळखता येते, आणि त्यावर या वर्षी माझे काम अपुरे पडले.’ या वाक्याला लागून तिन्ही वेळच्या चळतींचा एक पानी तक्ता आणि तीन मुलांचे कागद जोडले आहेत.

कोणत्या तीन मुलांचे? हा प्रश्न तुम्ही प्रत्येक शिक्षकाला विचारावा असे मला फार वाटते. फेब्रुवारीत बसून निवडले असते तर मी सुंदर अक्षराचे, नीट सुधारलेले कागद निवडले असते, आणि त्यात फसवण्याचा हेतूही नसता. हात आपोआप तिकडेच जातो. म्हणून जूनमध्ये, पहिला कागद तपासण्याआधीच, हजेरीपटावरचे ४, १४ आणि २४ हे क्रमांक ठरवून डायरीत लिहून ठेवले. चौथ्या क्रमांकाच्या मुलीचे तीन कागद बघण्यासारखे आहेत. जूनमध्ये तिने ३६४ लिहिले, एकही खूण नाही. ऑगस्टमध्ये शून्यावर एक तिरकी रेघ आहे आणि तिच्या वर काहीच लिहिलेले नाही. घर ओलांडले, पण तिथे काय झाले ते तिलाही ठाऊक नव्हते. फेब्रुवारीत शून्यावर रेघ, वर ९, आणि समासात पेन्सिलीने नऊ बारीक उभ्या रेघा. मी तिला विचारले, या कशाला? ती म्हणाली, ‘बाई, पिशवी उघडल्यावर हे राहिले.’ तिचे वाक्य मी त्याच दिवशी कागदामागे तारखेसह लिहून ठेवले, कारण आठवणीतून लिहिलेले मुलाचे वाक्य हळूहळू शिक्षकाचे होऊन जाते. चौदाव्या क्रमांकाच्या मुलाला फेब्रुवारीतही जमलेले नाही, त्याचे उत्तर ३७३ आहे. चोविसाव्या क्रमांकाचा मुलगा ऊसतोडीला गेलेल्या पाचांपैकी आहे, त्याचे दोनच कागद आहेत. दोघांचेही कागद जोडले आहेत.

याच्याशी तुलना करून बघा, एरवी आपण पुरावा म्हणून काय जोडतो. उपक्रमांचे फोटो, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे, सगळ्या वह्या तपासल्याच्या लाल सह्या. फोटोवरून कळते की काड्या वर्गात आणल्या होत्या. मुलाला नऊ का राहिले ते कळले की नाही, हे फोटोत दिसत नाही. वह्यांचे तर आणखी अवघड आहे. एका वर्गाच्या पाचसहा वह्या शेजारी शेजारी उघडा. सगळ्यांत तीच उदाहरणे, त्याच क्रमाने, एकसारखी बरोबर, एकाही ठिकाणी हातच्याची खूण खोडलेली नाही, असे दिसले तर ती वही फळ्यावरून उतरवलेली आहे. तिच्यावरून फळ्यावर काय होते एवढेच समजते. ज्या वहीत चूक शिल्लक आहे आणि शेजारी मुलाने स्वतः ती परत सोडवली आहे, ती वही पुरावा म्हणून कितीतरी मोलाची. पण आमच्याकडे अशी वही साहेब आल्यावर कपाटात ठेवली जाते.

पाठनिरीक्षणाबद्दलही थोडे लिहायला हवे. शेरेपुस्तकात माझ्या पाठांवर आजवर ‘अध्यापन परिणामकारक, विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम’ असे शेरे आहेत. मला त्यांचा आनंद झाला होता आणि मीही अहवालात ‘वर्गात सर्व विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग असतो’ असे लिहीत आले. ऑगस्टमध्ये तिसरीच्या बाईंना विनंती केली की माझ्या एका तासाला मागे बसा. पाठ कसा झाला ते लिहू नका. वर्गाची बैठक कागदावर काढून घ्या, मी ज्याला विचारीन आणि जो उत्तर देईल त्याच्या जागेवर एक रेघ मारा. पस्तीस मिनिटांत त्यांनी अठ्ठावीस रेघा मारल्या. त्या रेघा नऊ मुलांच्या जागांवर होत्या, बहुतेक पुढच्या दोन रांगांत. त्या दिवशी एकोणतीस मुले हजर होती. म्हणजे वीस मुलांनी त्या तासात एकही शब्द उच्चारला नव्हता, आणि मला मात्र वर्ग भरभरून बोलतो आहे असे वाटत होते. शून्य ओलांडणारी मुलेही बहुतेक त्या वीसांतलीच होती.

बाईंनी स्वतःहून आणखी एक गोष्ट टिपली होती. प्रश्न विचारल्यापासून उत्तर घेण्यापर्यंत मी बहुतेक वेळा दोन सेकंदही थांबत नव्हते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात नेमके हेच दाखवले होते की शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरे लांब होतात, न बोलणारी मुलेही बोलू लागतात. मी डीएडला हे वाचले होते. स्वतःबद्दल ते खरे असेल असे मला वाटले नव्हते. जानेवारीत त्याच बाई पुन्हा बसल्या. या वेळी सतरा प्रश्न झाले आणि ते सोळा मुलांकडे गेले. प्रश्न कमी झाले, कारण थांबायला वेळ लागतो. हे दोन्ही नकाशे अहवालाला जोडले आहेत, आणि खाली लिहिले आहे की हे दोनच तास आहेत आणि दोन्ही वेळा कोणी बसले आहे हे मला माहीत होते, त्यामुळे एरवीच्या तासाला असेच होते असा दावा मी करत नाही.

आता माझे म्हणणे.

पहिली विनंती अशी की स्वयंमूल्यमापनात सगळ्या विषयांवर चार चार ओळी मागण्याऐवजी एकच नेमका दावा मागा, आणि त्याला सुरुवातीचा आणि नंतरचा असा तारखेचा पुरावा मागा. याला वेगळे साहित्य लागत नाही. एकतीस अर्धे कागद, तीन वेळा. चळती लावायला मला दर वेळी अर्ध्या तासाहून जास्त लागला नाही. मुलांसाठी २०१० पासून आपण आकारिक मूल्यमापन करतो, वर्णनात्मक नोंदी ठेवतो. तोच सराव स्वतःच्या कामाला लावायचा आहे. एनसीईआरटीच्या ‘पिंडिक्स’सारख्या साच्यात शिक्षकाने स्वतःला चार पातळ्यांपैकी कुठे बसवायचे ते असते. पण कोणत्या कागदावरून बसवले, हे कोणी विचारले नाही तर सगळ्यांच्या खुणा वरच्या पातळीवरच पडतात.

दुसरी विनंती जास्त महत्त्वाची आहे. अभिप्राय लिहिण्याआधी शिक्षकाबरोबर पंधरा मिनिटे त्या कागदांपाशी बसा आणि एक प्रश्न विचारा : यातला कोणता कागद तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो? ज्याच्याकडे असा एकही कागद नाही, त्याने एक तर फार लहान नमुना घेतला आहे किंवा निवडून घेतला आहे. माझ्याकडे ऑगस्टचे नऊ कागद आहेत. ते मी सर्वांत वर लावले आहेत.

आणि इथेच भीती आहे, ती मी लपवत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्यांनी अहवालात प्रामाणिकपणे लिहिले की वाचनात सहा मुले मागे राहिली. त्यांच्या प्रतवारीची पायरी खाली आली आणि कारण म्हणून त्यांचेच वाक्य उतरवण्यात आले. त्या वर्षीपासून आमच्यापैकी कोणीही ‘मागे राहिली’ असे लिहिलेले मला आठवत नाही. मुले मागे राहायची थांबली नाहीत, लिहिणे थांबले. न जमलेले लिहिल्याबद्दल प्रतवारी उतरणार असेल, तर तुमच्यापर्यंत फक्त चांगले कागद पोचतील आणि पुढच्या वर्षी कुठे मदत करायची हे तुम्हाला कधीच कळणार नाही. प्रतवारी ठरवायचीच असेल तर ऑगस्टनंतर मी काय बदलले आणि फेब्रुवारीत त्याचे काय झाले, यावर ठरवा.

याच कारणाने हे आकडे दोन शिक्षकांची तुलना करायला वापरू नका. माझे वीस आणि शेजारच्या शाळेतले बारा, यांत मोठे कोण हे सांगता येत नाही. गणित वेगळे, मुले वेगळी, जूनची सुरुवात वेगळी. हे कागद फक्त एका वर्गाची जूनपासून फेब्रुवारीपर्यंतची वाट दाखवतात. आकड्यांची यादी तालुक्याच्या बैठकीत पडद्यावर लागली, तर पुढच्या वर्षी जूनचा कागद अवघड आणि फेब्रुवारीचा सोपा निघेल.

शेवटी, जे काही लिहाल ते आम्हाला कळवा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत संघ या प्रकरणात म्हटले आहे की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, फक्त प्रतिकूल नव्हे. त्या प्रकरणातली नोंद ‘चांगला’ अशीच होती आणि बढतीला ‘अति चांगला’ लागत होते. माझ्या कागदांवर तुम्ही ‘चांगले’ लिहिलेत तर कोणता कागद बघून लिहिलेत, एवढे एक वाक्य खाली असू द्या. मला पुढच्या जूनमध्ये त्याचा उपयोग होईल.

पाच मुलांची ओळ तक्त्यात रिकामी आहे. ती उसाचा हंगाम संपला की परत येतील, आणि अहवालाची मुदत ३१ मार्चला संपते. ओळीशेजारी कारण लिहिले आहे. त्यांच्यासाठी अर्धे कागद आणि काड्यांच्या पाच पिशव्या वर्गाच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. ती आल्यावर कागद भरून घेईन आणि पुरवणी म्हणून पाठवीन. ती पुरवणी नस्तीला जोडली जावी, ही विनंती.

आपली,
चौथीची एक वर्गशिक्षिका
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा